डीडीआर४ की डीडीआर५: बोर्ड आणि रॅमची बेरीज एकत्र करा, मग बोला

हडपसरकर
"आजच्या घडीला जुन्या पिढीच्या डीडीआर४ रॅमवर नवा संगणक जोडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. बजेट कमी असेल तर डीडीआर५चा बोर्ड घ्यावा, सध्या ८ जीबीची एकच स्टिक लावावी आणि दुसरी पुढच्या पगारात घ्यावी."

नारायण पेठेतला जोडणीकार
हे वाचून गप्प बसवेना, कारण याच सल्ल्यावर विसंबून माझा भाचा बोर्डाचे पैसे मोजायला निघाला होता. मागच्या शनिवारी आम्ही दोघे तपकीर गल्लीत गेलो आणि एकाच दुकानातून दोन कोटेशने लिहून घेतली. प्रोसेसर दोन्हींत आय५-१२४००एफच ठेवला, कारण तो बोर्डानुसार दोन्ही रॅमवर चालतो आणि त्यामुळे फरक फक्त बोर्ड व रॅमचा उरतो. डीडीआर४चा एच६१० बोर्ड ६,२०० रुपये आणि ३२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन स्टिक ९,६०० रुपये, मिळून १५,८००. डीडीआर५चा एच६१० बोर्ड ७,४०० आणि तेवढीच रॅम १४,८००, मिळून २२,२००. बोर्डातला फरक १,२०० रुपयांचा आहे, खरा खड्डा रॅममध्ये आहे. हे त्या दिवसाचे भाव आहेत आणि रॅमचे भाव सध्या आठवड्याआठवड्याला हलतात, म्हणून प्रत्येकाने आपली बेरीज आपण करावी.

तुमच्या एका स्टिकच्या युक्तीने हा आकडा १४,८००वर येतो, म्हणजे डीडीआर४पेक्षाही हजाराने कमी, आणि माणूस नेमका तिथेच फसतो. ३२००च्या दोन डीडीआर४ स्टिक मिळून सेकंदाला ५१.२ जीबीचा मार्ग देतात. ४८००ची डीडीआर५ची एकटी स्टिक ३८.४ देते. म्हणजे नवे तंत्रज्ञान विकत घेऊन जुन्याहून अरुंद रस्ता पदरात पडतो, आणि वर आठच जीबी, ज्यात ब्राउझर आणि एखादा नवा गेम एकत्र चालवणे जड जाते. शिवाय एच६१०वर हा प्रोसेसर डीडीआर५ला ४८००च्या वर नेत नाही, त्यामुळे ६०००ची महाग स्टिक घेतली तरी ती ४८००वरच चालते.

हडपसरकर
आपण निम्मीच माहिती देत आहात. डीडीआर५ची एक स्टिक आतून दोन चॅनेलची असते. माझ्या संगणकावर एकच स्टिक आहे आणि CPU-Z मध्ये स्पष्टपणे `2 x 32-bit` असे दिसते. मग ती अरुंद कशी?

नारायण पेठेतला जोडणीकार
जे दिसते ते बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बत्तीसचे दोन म्हणजे चौसष्टच, आणि डीडीआर४ची एक स्टिकही चौसष्टच असते. दोन भाग झाल्यामुळे एकाच वेळी दोन मागण्या हाताळता येतात आणि त्याचा थोडा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण रुंदी वाढत नाही. दुसरी स्टिक लावून तीच खिडकी उघडा, तिथे `4 x 32-bit` दिसेल.

सिंहगड रस्ता
आपण दोघेही इंटेलच्या त्या सॉकेटवरच अडकला आहात. त्याचा प्रवास चौदाव्या पिढीला संपला, पुढचे प्रोसेसर त्या बोर्डावर बसतच नाहीत. मी २०१८ साली बी४५० बोर्डावर रायझेन ५ २६०० घेतला होता. २०२३ मध्ये बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर, त्याच १६ जीबी रॅमवर ५६०० बसवला. मला फक्त प्रोसेसरचे पैसे द्यावे लागले. डीडीआर५चा अर्थ एएमडीच्या एएम५ सॉकेटवर आहे, आणि तिथे आज दिलेले जास्तीचे पैसे पुढे वसूल होतात.

नारायण पेठेतला जोडणीकार
एएम५बद्दल आपले म्हणणे मान्य करावे लागते, जरी ते मूळ सल्ल्यात कुठेही नव्हते. पण त्याचीही बेरीज करा. त्याच दुकानात ए६२० बोर्ड ८,५०० होता, रॅम तीच १४,८००, आणि चालण्याजोगा प्रोसेसर १२४००एफपेक्षा अडीच हजारांनी महाग. डीडीआर४च्या कोटेशनपेक्षा एकूण दहा हजार जास्त. भाच्याचे बजेट ४५,००० आहे आणि हे दहा हजार थेट ग्राफिक्स कार्डातून कापले जातात. गेममधला फरक त्याला आज कार्डात दिसणार आहे, चार वर्षांनंतरच्या प्रोसेसरमध्ये नाही.

सिंहगड रस्ता
आणि चार वर्षांनी त्याला बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही नव्याने घ्यावे लागतील, तेव्हा हेच दहा हजार आठवतील. ज्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचेच नाही आणि प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर भागवायचे आहे, त्याच्यासाठी तर रॅमची रुंदी हेच सर्वस्व आहे. तिथे डीडीआर४ सुचवणे अन्यायाचे ठरेल.

वारजेकर
विषय थोडा वेगळा आहे, पण माझ्या बाबतीत घडले ते सांगते. जुन्या संगणकातली ८ जीबीची डीडीआर४ स्टिक, २४००ची, माझ्याकडे पडून होती. पैसे वाचावेत म्हणून मी बी६६०चा डीडीआर४ बोर्ड घेतला आणि ३२००ची एकच नवी स्टिक आणली. दुकानदार म्हणाला की काही होत नाही, लावा. तेव्हापासून प्रश्नपत्रिका टाइप करताना संगणक अचानक बंद पडतो. पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारे MemTest86 चालवले तर काही मिनिटांत लाल ओळी आल्या. दुकानदाराने स्टिक परत घेण्यास नकार दिला.

हडपसरकर
म्हणूनच मी सांगत होतो की जुन्याच्या नादी लागू नये. भंगार जोडून नवा संगणक होत नाही.

नारायण पेठेतला जोडणीकार
आपण दर वेळी दुसऱ्याच्या अडचणीवर आपला झेंडा रोवता, याचा मला मनापासून राग येतो. आधी दोष कुठे आहे ते पाहू द्या. ताई, बायोसमध्ये XMP, म्हणजे स्टिकला तिच्या जाहीर वेगाने पळवणारी सोय, चालू आहे का? असल्यास बायोसने नव्या स्टिकचा ३२००चा वेग जुन्या स्टिकवरही लादला असेल, आणि तो वेग तिला झेपत नसेल. XMP बंद करा म्हणजे दोन्ही स्टिक हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने, २४००ने चालतील. मग रात्रभर चाचणी लावून चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर प्रत्येक स्टिक एकटी लावून तपासा.

सिंहगड रस्ता
चार फेऱ्या स्वच्छ गेल्या तरी निर्धास्त राहू नका. माझ्या एका मित्राची स्टिक फक्त उन्हाळ्यात दुपारी चुकायची.

वारजेकर
XMP खरोखरच चालू होते. बंद केल्यावर काल रात्री चारही फेऱ्या झाल्या आणि एकही चूक आली नाही. आज दिवसभर संगणक बंद पडलेला नाही. पण २४००चा वेग फारच कमी नाही का?

नारायण पेठेतला जोडणीकार
२४००च्या दोन स्टिक मिळून ३८.४ होतात, म्हणजे वर सुचवलेल्या डीडीआर५च्या एकट्या स्टिकइतकेच, आणि तुमच्याकडे ८ऐवजी १६ जीबी आहेत. शनिवारच्या भावाने एच६१० बोर्ड आणि एक नवी डीडीआर४ स्टिक धरली तर हा मार्ग ११,०००मध्ये बसतो.

हडपसरकर
एकटी स्टिक सुचवायला नको होती, एवढे मी मागे घेतो. पण एच६१०वर दोनच खाचा असतात. आपल्या भाच्याने ८च्या दोन लावल्या की त्याला ३२ करताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील, आणि तो खर्च आपल्या बेरजेत नाही.

नारायण पेठेतला जोडणीकार
तो खर्च मी धरला नव्हता, हे खरे आहे. १६ची एक डीडीआर४ स्टिक घेऊन सुरुवात करावी, तर पुन्हा एकट्या स्टिकचाच प्रश्न येतो. चार खाचांच्या डीडीआर४ बोर्डाचे कोटेशन या शनिवारी मागवतो. तोवर भाच्याने काहीच विकत घेतलेले नाही.