पुण्यात आलो, गाडी केए पासिंगची: नंबर बदलू की नुसता पत्ता?

वाकडवासी_नवा: बंगळुरूहून नोकरी बदलून वाकडला आलोय, पाच महिने झाले. 2021 ची पेट्रोल गाडी आहे, तेव्हाची किंमत साधारण 8 लाख. कर्ज अजून चालू आहे. लायसन्सवर आणि आरसीवर बंगळुरूचाच पत्ता आहे. ऑफिसमधले म्हणतात "काही करू नकोस, दोन वर्षांत परत जाशील." सासरे म्हणतात उद्याच आरटीओ गाठा. कोणाचं ऐकू?

तिरपागडा: सासऱ्यांचं ऐका. 30 दिवसांत एमएच नंबर घ्यायचा असतो, तुमचे चार महिने वर गेलेत. चौकात पावती फाटली की कळेल.

सदाशिव_सायकलवाला: तिरपागडा, तुम्ही दोन वेगळ्या मुदती एकत्र कालवल्यात. 30 दिवसांची मुदत पत्ता कळवायची, मोटार वाहन कायद्याचं कलम 49. नवा नंबर कलम 47 मध्ये येतो, आणि तो गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर. म्हणजे नंबरासाठी प्रश्नकर्त्याच्या हातात अजून सात महिने आहेत. तोवर चौकात कोणी "केए गाडी पुण्यात का?" म्हणून अडवलं, तर भाडेकराराची तारीख दाखवायची. नोंदणीकृत करार असेल तर उत्तम, नोटरीवाल्याला फारसं कोणी विचारत नाही.

लायसन्सचं मात्र आजच करून टाका, त्याचा नंबराशी काडीचा संबंध नाही. ते देशभर चालतं, राज्य बदललं तरी त्याचा नंबर तोच राहतो, एनओसी वगैरे काही लागत नाही. parivahan.gov.in वर सारथीमध्ये आधारने अर्ज भरला तर बहुतेकांना कार्यालयात जावंही लागत नाही. एकच मेख आहे: पत्ता आधारवरून उचलला जातो. आधारवर बंगळुरू असेल तर लायसन्सवरही बंगळुरूच छापून येणार. आधी आधार.

तिरपागडा: बरं, 12 महिने मान्य. पण मग 30 दिवसांचं काय? तो नियम मोडलाच की!

सदाशिव_सायकलवाला: मोडलाय, खरं आहे. आणि इथंच कायदा एक बोलतो नि खिडकी दुसरं. कायद्यात नुसता पत्ता कळवायची सोय आहे. पण केए नंबर ठेवून आरसीवर वाकडचा पत्ता टाकून द्या म्हणालात तर खिडकीवर पहिला प्रश्न "एनओसी आणली का?" हाच येतो. एनओसी आणली की ओघाने नवा नंबर आणि कर. त्यामुळे 30 दिवसांत पत्ता कळवणारा परराज्यातला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दंडाचं म्हणाल तर त्या कलमात मर्यादा 500 रुपयांची आहे.

नागपुरी_संत्रं: मी तर नागपूरहून आलो, एमएच 49. नंबर तोच ठेवला, फक्त पत्ता बदलला, कर एक रुपयाही नाही. तुम्ही उगाच घाबरवताय लोकांना.

रसिका_कर्वेनगर: अहो, तुम्ही महाराष्ट्रातून महाराष्ट्रात आलात! प्रश्न केएचा आहे. राज्य तेच असलं तर नंबर बदलतच नाही.

नागपुरी_संत्रं: ओह. वाकड वाचलं, बंगळुरू राहिलं. पण तरी पत्ता बदलाच, माझी नवीन आरसी स्पीड पोस्टाने निघाली आणि मी तोवर घर बदललेलं. पाकीट परत गेलं. तीन आठवडे शोधत होतो.

रसिका_कर्वेनगर: मी मात्र ऑफिसवाल्यांच्या बाजूने. दोन वर्षांत परत जाणार असेल तर हा खटाटोप कशाला? इथे कर भरायचा, तिकडचा परत मागायचा, परत गेल्यावर पुन्हा तेच उलट्या दिशेने. माझ्या भावाने (राज्य सांगत नाही) नवा नंबर घेतला, मग जुन्या कार्यालयात उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज दिला. दीड वर्ष झालं, प्रत्येक फेरीला "फाइल साहेबांकडे आहे." साहेब बदलले, फाइल तिथेच.

सदाशिव_सायकलवाला: परताव्याबद्दल मी वाद घालणार नाही, तो अनुभव एकट्या तुमच्या भावाचा नाही. पण ते पैसे हातात येणारच नाहीत असं धरून हिशोब केला तरी 12 महिन्यांनंतर काही न करणं म्हणजे रोज गाडी काढताना पोलीस दिसला की पोटात गोळा. त्यात विमावाल्याला गाडी कुठे असते ते कळवलेलं नसलं तर दाव्याच्या वेळी प्रश्न विचारायला त्याला आयतं निमित्त.

वाकडवासी, तुमच्या गाडीचं सांगतो. पहिलं बँकेचं पत्र, कारण बोजा आहे आणि बँकेच्या संमतीशिवाय एनओसी निघत नाही. मग तिकडच्या आरटीओकडे फॉर्म 28. त्यावर चासिस नंबरचा पेन्सिलीने काढलेला ठसा लागतो. कागद नंबरावर ठेवून पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्याचं करायचो तसं. बाकी चलनं आधी भरून टाका, एक जरी लटकलं तर अर्ज पुढे सरकत नाही.

आणि आता नीट वाचा: एनओसीवर कुठल्या आरटीओसाठी ते लिहिलेलं असतं. वाकड म्हणजे एमएच 14, पिंपरी-चिंचवड. लोक सवयीने "पुणे" लिहितात, आणि मग संगम पुलाजवळच्या कार्यालयातून "तुमचं इथे नाही" ऐकून परत येतात. दुरुस्तीला पुन्हा बंगळुरू.

एनओसी निघाली की वाहन पोर्टलच्या नोंदीत तसं दिसायला लागतं आणि जुन्या आरटीओत त्या गाडीचं दुसरं कुठलंच काम होत नाही. म्हणून ती काढून कपाटात ठेवू नका. इथे फॉर्म 27, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि खरेदीचं बिल. बिल नसलं तर फार त्रास, कारण कर त्याच किमतीवरून निघतो. 10 लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला नवी असताना 11 टक्के, म्हणजे तुमच्या 8 लाखांवर 88 हजार झाले असते. गाडीचं वय वाढेल तशी रक्कम उतरते, तुम्हाला त्याहून बरीच कमी पडेल. नंतर नवी नंबरप्लेट, फास्टॅग आणि विम्यात नंबर बदल. परताव्याचा अर्ज नवी आरसी हातात आल्यावरच.

बीएचप्रेमी: इतकं करण्यापेक्षा बीएच नंबर घ्या ना. जुन्या गाडीलाही मिळतो आता. कर दोन-दोन वर्षांचा, पुढच्या बदलीला नंबर बदलायची कटकट नाही.

रसिका_कर्वेनगर: खाजगी नोकरीत असाल तर कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असावी लागतात आणि तसा दाखला कंपनीने द्यावा लागतो. एचआरकडून तो काढून दाखवा, मी पेढे देईन.

वाकडवासी_नवा: आमची पुण्यात आणि बंगळुरूत, झालं. बीएच बाद. पण करार 11 महिन्यांचा आहे हो, 12 महिन्यांचा मुक्काम सिद्ध करायला तो पुरतो का, का उलट त्याचाच फायदा घ्यावा?

तिरपागडा: पुणेकर होताय हळूहळू.

सदाशिव_सायकलवाला: करार 11 महिन्यांचा, पण नूतनीकरण झालं की दोन्ही मिळून मुक्काम उघड दिसतो. फास्टॅगचे टोलही काढले जातात. गाडी खरंच मध्ये महिनाभर बंगळुरूला गेली असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते का, यावर मात्र दोन कार्यालयांत दोन उत्तरं ऐकलीत.

वाकडवासी_नवा: आधारचा अर्ज टाकलाय, भाडेकरार जोडून. लायसन्स त्यानंतर. बँकेला आज मेल केला, आणि त्यात "पिंपरी-चिंचवड" असं ठळक लिहिलंय. नंबराचं बायकोशी बोलून ठरवतो, सासऱ्यांना अजून सांगितलं नाही.

रसिका_कर्वेनगर: चुकलात. मी असते तर बँकेचं पत्रही नवव्या महिन्यापर्यंत काढलं नसतं.