मदत हवी आहे: ताज्या बियांची कॉफीही खवट लागतेय, ग्राइंडर धुवू का?

विश्रामबागवाला: मुक्काम सांगली. हाताने फिरवायचा ग्राइंडर (आतली चक्की स्टीलची) आणि फ्रेंच प्रेस रोज वापरतो. प्रेस विसळून ठेवतो, ग्राइंडर नुसता झटकतो. चिकमंगळूरच्या ताज्या बियांचं पाकीट फोडलं की वास झकास, पण कपात जुन्या शेंगदाण्याची खवट चव. आधीच्या बिया गडद भाजलेल्या, तेलकट होत्या. ग्राइंडर पाण्याने धुतला तर चालेल का?

गुळाचा_चहा: मूठभर तांदूळ दळा, तेल ओढून घेतात. प्रेसला व्हिनेगर लावा, लखलखीत होईल.

पलूसची_काकू: माझ्या मिक्सरच्या भांड्यातला हळदीचा वास काही केल्या जात नाही, त्यालाही तांदूळ चालतील का हो?

गाळणी: काकू, मिक्सरला चालतील, तिथे पातं असतं. हाताच्या चक्कीला कच्चा तांदूळ फार कडक पडतो, आणि मागे राहिलेलं पीठ पुढच्या कपात उतरतं. व्हिनेगरने क्षार जातात, तेल नाही.

विश्रामबागवाले, आधी चोर कोण ते शोधा. रिकाम्या प्रेसमध्ये उकळतं पाणी घाला, दांडी वरखाली करा आणि पाच मिनिटांनी ते पाणी चाखा. मग ग्राइंडरची पूड स्वच्छ काचेच्या ग्लासात भिजवून, गाळ खाली बसला की चमच्याने चाखा.

प्रेसची दांडी फिरवून जाळी आणि चकत्या सुट्या करा. तेल त्यांच्या मध्ये साचतं, वरून विसळून तिथपर्यंत पाणीच पोचत नाही. अर्धा लिटर गरम पाण्यात चमचाभर सोडियम परकार्बोनेट घालून अर्धा तास भिजवा. झाकण लावू नका, गॅस सुटतो. नंतर ब्रशने घासून भरपूर धुवा.

ग्राइंडरला पाणी नको, स्टील असलं तरी गंज धरू शकतं. भाग सुटे करताना फोटो काढा, वॉशर उलटा बसला की दळण बिघडतं. कोरड्या ब्रशने खाचा साफ करा, चिकट थर टूथपिकने खरवडा. जोडल्यावर थोड्या बिया दळून ती पूड टाकून द्या.

मोका_मिरज: माझा मोका पॉट ॲल्युमिनियमचा आहे, त्यालाही तीच पावडर?

गाळणी: अजिबात नको, काळा पडेल. गरम पाणी आणि मऊ स्पंज. रबरी रिंग मात्र काढून बघा, खवट वास तिथेच धरतो.

विश्रामबागवाला: प्रेसचं नुसतं पाणीच खवट लागलं! चकत्या उघडल्या तर मधे तपकिरी, चिकट साय. भिजवल्यावर पाणी चहासारखं झालं. आता कप बराच स्वच्छ लागतो. ग्राइंडरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या डबीला मात्र साबणाने धुऊनही वास आहेच.

गुळाचा_चहा: दोन दिवस उन्हात ठेवा.

गाळणी: प्लॅस्टिकने एकदा तेल पिलं की ऊन कितपत पुरेल, शंकाच आहे. त्याच मापाच्या आट्यांची काचेची डबी मिळते का बघा.