इंग्रजी पेपरच्या हेडलाइनचं व्याकरण आता तरी सोडायचं की नाही?

पानगळ
इंग्रजी पेपरवाले हेडलाइनमधे ए, ॲन, द गाळतात, काल होऊन गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात आणि मजकूर इतका दाबतात की दोन-दोन अर्थ निघतात. छापील कॉलम अरुंद होता तेव्हा ठीक होतं, आता फोनवर वाचतो आपण. माझं मत सरळ आहे, पूर्ण वाक्य लिहा. तुम्हाला काय वाटतं?

माळरान
हे सगळं तारेमुळे आलं. तारेला शब्दामागे पैसे पडायचे म्हणून बारीक शब्द गाळायची सवय लागली, तार बंद झाली पण सवय राहिली. त्यामुळे पानगळ यांना पूर्ण पाठिंबा.

जुना सबएडिटर
माळरान, तारेचं अर्धंच खरं आहे. बातमीदार तार करताना शब्द वाचवायचा हे बरोबर, पण हेडलाइन तारेने येत नव्हती, ती ऑफिसात डेस्कवर बसून लिहायचे. १५ एप्रिल १८६५ चा न्यूयॉर्क टाइम्स बघा, वर 'ऑफुल इव्हेंट' आणि खाली 'प्रेसिडेंट लिंकन शॉट बाय ॲन असॅसिन'. तार तेव्हा जोरात होती, तरी 'ॲन' जागच्या जागी आहे.

आता त्याच पेपरचे १९१२ चे दोन अंक घ्या. १५ एप्रिलला 'न्यू लायनर टायटॅनिक हिट्स ॲन आइसबर्ग', आणि दुसऱ्या दिवशी 'टायटॅनिक सिंक्स फोर अवर्स आफ्टर हिटिंग आइसबर्ग'. बोट बुडून गेलीये तरी 'सिंक्स', म्हणजे वर्तमानकाळ तोवर रुळला होता. पण 'ॲन' एक दिवस आहे आणि दुसऱ्या दिवशी नाही. म्हणजे गाळणं हा कुणी घालून दिलेला नियम नव्हता, ओळीत बसलं तर ठेवा नाहीतर उडवा असा मामला होता. आम्हीसुद्धा अक्षरं मोजूनच हेडलाइन बसवायचो, साधं छोटं अक्षर एक, आय आणि एल अर्धं, एम आणि डब्ल्यू दीड. एका कॉलमच्या ओळीत 'द' ठेवला की बातमीतला एखादा कामाचा शब्द बाहेर जायचा.

पानगळ
मग तुम्ही तर माझीच बाजू मांडली की, जागेसाठी होतं, जागा आता आहे, तर ठेवा की 'द'.

जुना सबएडिटर
थांबा, आर्टिकल परत आणून दोन अर्थांचा घोळ मिटेल असं तुम्ही धरून चाललाय, आणि तिथेच मला पटत नाही. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

ठाण्याची आई
बरं झालं हा विषय निघाला. माझ्या मुलीने रिपोर्ट रायटिंगमधे हेडलाइन वर्तमानकाळात लिहिली आणि खाली सगळी बातमीसुद्धा वर्तमानकाळातच लिहून ठेवली, बाईंनी मार्क कापले. मग पेपरात छापतात ते चूक असतं का? मुलांनी शिकायचं काय?

न्यूजर्सीकर
ताई, बाईंचं बरोबर आहे. वर्तमानकाळ फक्त हेडलाइनपुरता, खाली मजकुरात काल घडलेलं भूतकाळातच येतं. पुढे घडणार असेल तर हेडलाइनमधे 'विल' न लिहिता 'टू' येतो, 'पीएम टू व्हिजिट जपान' म्हणजे जाणार आहेत. आणि 'टू किल्ड इन क्रॅश' हा साधा भूतकाळ नाही, 'वेअर' गाळलेलं आहे, दोघे मारले गेले. एवढं तिला सांगा, पुढच्या वेळी गडबड होणार नाही.

जुना सबएडिटर
हं, आता सकाळचं राहिलेलं. २००९ मधे जपानमधल्या एका इंग्रजी बातमीची हेडलाइन होती, 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जाल क्रॅश ब्लॉसम्स'. जाल म्हणजे जपान एअरलाइन्स. १२ ऑगस्ट १९८५ ला त्यांचं विमान डोंगरावर कोसळलं, ५२० माणसं गेली. डायना युकावा या व्हायोलिनवादक मुलीचे वडील त्यात गेले, तिचा जन्म त्यानंतरचा. बातमी अशी की ती मुलगी आता कलाकार म्हणून बहरतेय. पण पहिल्यांदा वाचताना माणूस 'क्रॅश ब्लॉसम्स' ही काहीतरी वस्तू समजतो, अपघाताची फुलं, आणि व्हायोलिनवालीचा त्या फुलांशी संबंध जोडला गेलाय असं वाचतो. यावरूनच अशा हेडलाइनांना इंग्रजीत 'क्रॅश ब्लॉसम' म्हणायला लागले.

आता यात नेमकं बिघडलं कुठे ते बघा. 'लिंक्ड'च्या आधी 'हू इज' गाळलंय. पण हेडलाइनमधे नुसता 'इज'सुद्धा गाळतात हे वाचकाला माहीत असतं, म्हणून तो 'लिंक्ड'लाच मुख्य क्रियापद धरून बसतो. एकदा ते धरलं की शेवटचा 'ब्लॉसम्स' क्रियापद म्हणून शिल्लकच राहत नाही, तो नाम होतो. आणि तो नाम होऊ शकतो कारण इंग्रजीत अनेकवचनाचा 'एस' आणि वर्तमानकाळी क्रियापदाचा 'एस' दिसायला एकच. इथे 'द जाल क्रॅश' लिहून काही फरक पडत नाही, घोळ तसाच राहतो. 'ब्लॉसम्ड' लिहिलं असतं तर लगेच सुटला असता. म्हणून म्हणतो, पानगळ, तुम्ही आर्टिकलवर खापर फोडताय आणि इथला खरा गुन्हेगार वर्तमानकाळ आहे. अर्थात डेस्कवर मी 'ब्लॉसम्ड' केलं नसतं, 'क्रॅश व्हिक्टिम्स डॉटर ब्लॉसम्स ॲज व्हायोलिनिस्ट' केलं असतं. काळ तोच ठेवून शब्द हलवायचे, सबएडिटरचं काम तेच.

न्यूजर्सीकर
ब्लॉसमचं मान्य, पण आर्टिकल सगळीकडे निर्दोष नाहीत हो. जुनी गाजलेली हेडलाइन आहे, 'स्क्वॉड हेल्प्स डॉग बाइट व्हिक्टिम'. कुत्रा चावलेल्या माणसाला पथकाने मदत केली, की कुत्र्याला चावायला मदत केली? इथे 'हेल्प्स'च्या वर्तमानकाळाचा काही संबंध नाही, 'हेल्प्ड' केलं तरी घोळ राहतोच. पण 'हेल्प्स अ डॉग बाइट व्हिक्टिम' लिहिलं की मिटतो, कारण कुत्रा चावणारा असता तर 'व्हिक्टिम'च्या आधीही 'अ' लागला असता. नाहीतर 'डॉग' आणि 'बाइट'मधे हायफन टाका, अर्ध्या अक्षराची जागा लागते त्याला. एवढंही केलं जात नाही तेव्हा मला तो आळसच वाटतो.

वऱ्हाडी वाचक
आपल्या मराठी पेपरात हे आर्टिकलचं झंझट नाही, क्रियापद शेवटी येते अन् नामाले प्रत्यय लागते, म्हणून क्रियापदाले नाम समजाची वेळ फार येत नाही. पण आपली वेगळी गोची आहे ना भाऊ. 'पोलिसांच्या मारहाणीत एक जखमी' असं वाचलं तर पोलिसांनी मारलं का पोलिसांले मारलं? हा 'च्या' दोन्हीकडे चालते. गावातल्या एका प्रकरणात माझ्या चुलतभावाबद्दल असंच छापून आलं होतं, अर्धं गाव उलटं समजलं, महिनाभर लोक त्याच्याशी नीट बोलत नव्हते. तिथं 'पोलिसांकडून' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? चार अक्षरांची जागा वाचवाले गेले अन् माणसाची इज्जत गेली.

जुना सबएडिटर
हे फार वाईट झालं. 'च्या'चा हा धोका डेस्कवर शिकवायलाच हवा. कर्ता कोण हे हेडलाइनमधून कळत नसेल तर ती परत लिहायची, जागा पुरो न पुरो.

पानगळ
मी थोडी मागे येते. आर्टिकल गाळा, चालेल, न्यूजर्सीकर म्हणतात तिथे ठेवा. पण वर्तमानकाळावर मी ठाम आहे, आणि कारण सबएडिटर काकांपेक्षा वेगळं आहे. छापील पानावर तारीख असायची, म्हणून 'सिंक्स' वाचलं तरी कालचं आहे हे कळायचं. आता हेडलाइनचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, तारीख कापलेली. 'डॅम ओव्हरफ्लोज, व्हिलेजेस ऑन अलर्ट' असं जुन्या पावसाळ्यातलं काही आलं की लोक आज समजून फोनाफोनी करतात.

जुना सबएडिटर
'ओव्हरफ्लोड' केलं तरी तारीख कळणार नाहीच, काल की पाच वर्षांपूर्वी? उलट इंग्रजी डेस्कवर हेडलाइनमधला भूतकाळ मुद्दाम राखून ठेवलेला असतो, जुनी गोष्ट आज उघड झाली तर वापरायला. 'मिनिस्टर टुक ब्राइब, कोर्ट टोल्ड'. घेतली तेव्हा, कळलं आज. सगळंच भूतकाळात लिहिलं तर हा फरक दाखवायचा कसा?

पानगळ
तो फरक बातमीच्या पहिल्या वाक्यात दाखवा की. फोटो फॉरवर्ड करणारा निदान 'झालं' असं तरी वाचेल, 'होतंय' असं नाही.

माळरान
१८६५ चा अंक शोधून बघितला, 'ॲन' आहे खरंच. तारेचं मी मागे घेतो, पण पूर्ण वाक्याच्या बाजूने अजूनही आहे.