ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे शिलका नीट चढल्या, असे मानावे काय?

भोसरीचा हिशेबनीस (धागाकर्ता)

आमचा सुटे भाग बनवण्याचा कारखाना येत्या १ एप्रिलपासून टॅलीतून नव्या ईआरपीत जात आहे. सल्लागार म्हणतात की प्रत्येक पार्टीची ३१ मार्चची एकच शिल्लक चढवू, ट्रायल बॅलन्स जुना-नवा ताडून पाहू आणि सही करू. मला येणी-देणी बिलवार चढवावीशी वाटतात. उघडी बिले सुमारे १,९०० आहेत. मालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आपले मत काय?

सरळवाट

तुमच्या सल्लागारांच्या बाजूने मी बोलतो, कारण अशा सात-आठ स्थलांतरांत मी काम केले आहे. बिलवार भरणीचा आग्रह धरला की लेखा विभाग मार्चच्या ऐन धावपळीत जुनी बिले उकरत बसतो, आणि चार वर्षांपूर्वीच्या बाराशे रुपयांच्या फरकासाठी सगळ्यांचा दिवस जातो. टॅली कुठे पळून जात नाही. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावीच लागतात, तेव्हा जुने बिल पाहायचे असेल तर तिथे पाहावे. पार्टीची शिल्लक बरोबर आहे आणि तेरीज जुळली आहे, याहून अधिक पुरावा कोणता हवा?

जुनी खतावणी

सरळवाट यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे: जी बिले फिटली त्यांचा इतिहास नव्या पद्धतीत ओढून आणू नये. परंतु उघडे बिल म्हणजे इतिहास नव्हे. त्याचे घड्याळ ३१ मार्चला थांबत नाही, आणि हे घड्याळ येण्यांपेक्षा देण्यांच्या बाजूला अधिक जोरात चालते. पुरवठादाराचे बिल त्याच्या तारखेपासून १८० दिवसांत फेडले नाही, तर त्यावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट उलटवावे लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावी लागतात. पार्टीवर ३१ मार्चच्या तारखेचा एकच आकडा चढवला, तर नव्या पद्धतीच्या लेखी सगळी देणी त्या दिवशी जन्मली; ऑक्टोबरात बिल खरोखर १८० दिवसांचे की ३०० दिवसांचे, हे तिला कधीच कळणार नाही.

आता तेरीज जुळण्याविषयी. भरणी कशी होते ते पाहिले की हा पुरावा किती तोकडा आहे ते समजते. ईआरपीत ऋणको आणि धनको यांच्या नियंत्रण खात्यांवर थेट नोंद घालता येत नाही. पार्टीवर नोंद केली की ते खाते आपोआप वाढते. म्हणून सगळी भरणी एका तात्पुरत्या ‘स्थलांतर खात्या’समोर करतात. समजा, जुन्या पुस्तकांत ऋणको २,८४,६०,००० नावे, धनको १,९७,४०,००० जमा आणि उरलेली सर्व खाती मिळून निव्वळ ८७,२०,००० जमा आहेत. उरलेली खाती चढवली की स्थलांतर खाते ८७,२०,००० नावे दाखवते, धनको चढवल्यावर २,८४,६०,००० नावे होते, आणि ऋणको चढवले की शून्य. ते शून्य आले नाही तर काहीतरी राहिले हे नक्की. मात्र ते शून्य आले म्हणून सगळे बरोबर चढले, हे सिद्ध होत नाही. एका पार्टीचे बिल दुसरीवर पडले तरी शून्य शून्यच राहते.

सूत आणि हिशेब

आमच्या सूतगिरणीत मोठा घोळ झाला तो शिलकी मालाचा. कापसाच्या गाठींची संख्या बरोबर होती, रक्कमही बरोबर होती, पण रक्कम भागिले संख्या करून काढलेला दर दोन दशांशांपर्यंतच चढवला आणि हजारो गाठींवर गुणल्यावर काही रुपयांचा फरक पडला. तुम्ही आधी मालाकडे पाहा, बिलांचे नंतर.

भोसरीचा हिशेबनीस

सूत आणि हिशेब, आपला अनुभव उपयोगी आहे, पण माझा प्रश्न मालाचा नाही. मालाची मोजणी आम्ही वेगळी करत आहोत. येथे येण्या-देण्यांपुरतेच बोलू. जुनी खतावणी यांचे वाचून मी काल टॅलीतून उघड्या बिलांची यादी काढली. ऋणकोंची बिले २,९१,३५,००० भरतात आणि खात्यांची बेरीज मात्र २,८४,६०,००० आहे. म्हणजे ६,७५,००० कुठे गेले?

सरळवाट

पाहा, हेच मी म्हणत होतो. आता हे ६,७५,००० शोधण्यात पंधरवडा जाईल. पार्टीची शिल्लक चढवली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

जुनी खतावणी

प्रश्न उद्भवला नसता, असे नाही. तो दिसला नसता. टॅलीत पावती घालताना ती कोणत्या बिलापोटी आली ते विचारले जाते. कारकुनाला ठाऊक नसले की तो ‘ऑन अकाउंट’ निवडतो. अशा पावत्या खात्याच्या शिलकेत उतरतात, पण कोणतेही बिल कमी करत नाहीत. नुसती बिलांची यादी निर्यात केली की त्या मागे राहतात. पार्टीनिहाय खाते आणि बिलांची बेरीज शेजारी ठेवून फरकाचा स्तंभ काढा. फरक चार-पाच पार्ट्यांत गोळा झालेला सापडेल, १,९०० बिलांत विखुरलेला नव्हे.

एक विनंती. हा फरक मिटवण्यासाठी घाईने सर्वांत जुन्या बिलावर पावती वळती करू नका. पैसे ज्या बिलाचे आले असतील त्याऐवजी वादातले जुने बिल फिटलेले दिसेल आणि ग्राहकाच्या हिशेबाशी तुमचा मेळ कायमचा तुटेल. ती पावती तिच्या मूळ तारखेने, न वळवलेली जमा म्हणून तशीच चढवा. वळवण्याचे काम मे महिन्यात ग्राहकाला विचारून करा.

अंबडची मीनाक्षी

भरणीची पद्धतही विचारून घ्या, अशी माझी सूचना आहे. आमच्याकडे सल्लागारांच्या माणसाने जुनी विक्रीबिले नेहमीच्या विक्री बिलाच्या पडद्यातून चढवली. पद्धतीने इमानदारीने विक्री पुन्हा जमा केली आणि जीएसटीचे देणेही पुन्हा उभे केले. ते एप्रिलच्या विवरणपत्राच्या मसुद्यात आले तेव्हा आमच्या लक्षात आले. जुने बिल करासह पूर्ण रकमेने, परंतु कराची वेगळी ओळ न घालता, स्थलांतर खात्यासमोर चढले पाहिजे. कराची नोंद तर जुन्या पुस्तकांत आधीच झालेली असते.

जुनी खतावणी

अगदी बरोबर, आणि हे माझ्याकडून सांगायचे राहिले होते. त्याला जोडून तारखांचे सांगतो. नोंदीची तारीख ३१ मार्च असावी, पण बिलाची तारीख मूळ असावी आणि मुदत त्या मूळ तारखेपासून मोजली जावी. हे नीट झाले की नाही ते ओळखण्याची सोपी खूण आहे: दोन्हीकडे ३१ मार्च अखेरचा वयवार अहवाल काढा. जुन्यात ९० दिवसांवरच्या रकान्यात रक्कम असेल आणि नव्यात सगळेच ० ते ३० दिवसांत बसले असेल, तर तारखा गळाल्या. ट्रायल बॅलन्स मात्र दोन्हीकडे पैशापर्यंत जुळलेला असेल.

सनदी लेखापरीक्षक

आपली चर्चा ३१ मार्च हा आकडा जणू दगडावर कोरलेला आहे असे धरून चालली आहे. प्रत्यक्षात आमचे लेखापरीक्षण जून-जुलैत होते, तोवर तरतुदी, घसारा आणि दुरुस्तीच्या नोंदी जुन्या पुस्तकांत पडत राहतात. १ एप्रिलला जुळवलेला ट्रायल बॅलन्स ऑगस्टमध्ये जुळणार नाही, आणि तेव्हा सही केलेला कागद दाखवून उपयोग नाही.

जुनी खतावणी

म्हणूनच निर्यात झाली की ऋणको, धनको आणि बँक या खात्यांपुरते तरी जुने वर्ष बंद करावे, असे मी म्हणतो. २०२३ च्या एप्रिलपासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. निर्यातीच्या क्षणानंतर कोणी काय हलवले ते त्या नोंदीतून काढावे.

सनदी लेखापरीक्षक

पार्ट्यांपुरते बंद करता येत नाही, हीच अडचण आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुरवठादाराचे मार्चचे बिल येते आणि ते मार्चमध्येच धरावे लागते. माझ्या मते भरणी तात्पुरती मानावी आणि लेखापरीक्षण संपल्यावर फरकाच्या नोंदी दोन्हीकडे, एकाच क्रमांकाने घालाव्यात.

जुनी खतावणी

त्या बिलासाठी ३१ मार्चला तरतूद करता येते आणि बिल नव्या पद्धतीत घेऊन तरतूद फिरवता येते. दोन्हीकडे हात चालू ठेवले की कोणता आकडा खरा, हा वाद वर्षभर पुरतो. या बाबतीत आपले एकमत होईल असे वाटत नाही.

सरळवाट

परकीय चलनाच्या बिलाचे काय करता ते सांगा. समजा २०,००० डॉलरचे निर्यात बिल ८३.२० ने १६,६४,००० ला नोंदले होते आणि ३१ मार्चचा दर ८५.५० धरून पुस्तकात १७,१०,००० झाले. मूळ दराने चढवले तर ट्रायल बॅलन्स ४६,००० ने चुकतो.

सनदी लेखापरीक्षक

३१ मार्चच्या दराने चढवावे. ४६,००० चा नफा गेल्या वर्षी धरून झाला आहे. पैसे आल्यावर फक्त ८५.५० पासूनचा फरक नव्या वर्षात यावा.

जुनी खतावणी

सामान्यतः होय. मात्र काही ईआरपी मूळ दराचे बिल तसेच ठेवून फरक वेगळ्या समायोजन खात्यात दाखवतात आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला तो उलटवतात. तिथे बिल १६,६४,००० ला आणि ४६,००० समायोजन खात्याला, असे दोन तुकडे करावे लागतात. तुमची पद्धत कोणत्या जातीची आहे ते एक बिल चढवून आणि त्याची पावती घालून तपासल्याखेरीज सांगता येणार नाही.

भोसरीचा हिशेबनीस

सर्वांचे आभार. मालकांना समजावून आम्ही २८ फेब्रुवारीच्या शिलकांवर चाचणी भरणी केली. फेब्रुवारीच्या यादीतही ऑन अकाउंटचा फरक होताच; तो पाच पार्ट्यांत निघाला आणि त्या पावत्या तशाच चढवल्यावर स्थलांतर खाते शून्यावर आले. ट्रायल बॅलन्सही जुळला. त्याच दिवशी पार्टीनिहाय ताळा केला, तर एकाच ग्राहकाच्या पुणे आणि नाशिक शाखांमध्ये ३,१८,६०० ची अदलाबदल निघाली. टॅलीत नाव जवळजवळ सारखे होते आणि कोणीतरी कोड जुळवताना दोन्ही ओळी उलट लावल्या होत्या. दोन्ही शाखांचे जीएसटी क्रमांकही पुण्याच्या एकाच क्रमांकावर गेले होते.

वयवार अहवालात धनकोंचा रकाना अजून जुळलेला नाही. सल्लागार म्हणतात की आयातीच्या साच्यात बिलाच्या तारखेचा स्तंभ आहे, पण मुदत कुठून मोजते ते त्यांना विचारावे लागेल. परकीय चलनाचे एक बिल उद्या चढवून पाहतो. निकाल येथेच कळवीन.

सरळवाट

शाखांची अदलाबदल माझ्या पद्धतीतही पार्टीनिहाय ताळ्यात सापडली असती, एवढे नोंदवून ठेवतो.

जुनी खतावणी

सापडली असती. मुदतीचा रकाना सापडला नसता.