मदत हवी आहे: चिऱ्याची भिंत ५ दिवसांत संपवायला किती माणसं लागतील?

गुहागरचा_बाबू: परड्यातल्या भिंतीचं काम रखडलंय. २ गवंडी, ३ गडी. ४ दिवसांत ६० फूट झाली, १८० फूट बाकी. पाच दिवसांनी लग्नाचा मांडव पडायचाय. अजून किती माणसं आणू? लवकर सांगा.

हिशेबी: त्रैराशिक मांडा. आता दिवसाला १५ फूट होते, हवी ३६. म्हणजे ५ च्या जागी १२ माणसं. सात वाढवा, झालं.

हापूस_काका: मे महिन्यात सात माणसं? आमच्याकडे आंबा उतरवायला नेपाळी गडीही मिळेनात, मजुरी विचारूच नका.

ओळंबा: बाबूशेठ, भिंत किती उंच? चिरा कुठे उतरतो? आणि गवंडी मध्येच रिकामे बसतात का?

गुहागरचा_बाबू: ४ फूट, एकेरी. टेम्पो रस्त्यावरच थांबतो, तिथून पाखाडीने खाली. समोरून कोणी आलं तर कडेला उभं राहावं लागतं. गवंडी अर्धा वेळ तंबाखू मळतात, म्हणून तर म्हणतो दुसरे आणू का.

ओळंबा: मग ते आळशी नाहीत, त्यांना चिरा पोचत नाहीये. १५ फूट म्हणजे साधारण ७५ चिरे, एकेक तीस किलोच्या आसपास. तेच तीन गडी चिरा आणणार, माल कालवणार, पाणीही ओढणार. गवंडी वाढवलात तर चौघे तंबाखू मळतील. उद्या फक्त दोन गडी वाढवा आणि संध्याकाळी फूट मोजा. २२-२३ झाली तर वाढ लागू पडली. पुढचे दोन आणून तेवढीच भरली, तर पाखाडीच तुंबली समजा.

हिशेबी: म्हणजे गडी ९ करा, हिशेब तोच.

ओळंबा: पाखाडीवर नऊ जण डोक्यावर चिरा घेऊन? एक थांबला की मागचे सगळे थांबतात. त्यापेक्षा शेजाऱ्याच्या आवाठातून दुसरी वाट मिळते का बघा, मग दोन्ही टोकांनी दोऱ्या लावून दोन जोड्या लावता येतील. शिवाय २२ च्या वेगानेही १८० फुटाला आठ दिवस लागतात. मांडवाकडची बाजू आधी घ्या.

मालवणी_मेवा: चिरो काय भावान मिळालो तुमका? आमच्याकडे गाडीभाडाच जास्त पडता.

रत्नांग्रीकर: जांभा सोडा, सिमेंटचे ब्लॉक लावा. मोठे असतात, पटापट होतं.

ओळंबा: ते पण पाखाडीवरूनच येणार ना! आणि बाबूशेठ, ताज्या भिंतीला मांडवाचे दोर बांधू नका. सिमेंटला सात दिवस तरी पाणी मारावं लागतं, तिथे पन्नास माणसं आणलीत तरी एक दिवस कमी व्हायचा नाही.

गुहागरचा_बाबू: शेजाऱ्याशी हद्दीवरून बोलणं बंद आहे. काकूंना मध्ये घालून बघतो. पण दोन गडी कुठून आणू, ते कोणी सांगितलंच नाही.

हापूस_काका: मी तेच म्हणत होतो.