चढावर चेन सटकते

"कोथरूडहून बाणेरला ऑफिसला सायकलने जातो. सर्व्हिसिंग करून आणली, तरी चढावर जोर दिला की चेन सटकते."

बहुधा चेन झिजून लांबली आहे. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन बघा. नव्या चेनची बरोबर 12 इंचांवर येते. अर्धा सूत पुढे गेली असेल तर फक्त चेन बदला. पूर्ण सूत गेली असेल तर मागच्या चक्राचे दातेही झिजलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन बसत नाही, सटकतच राहते.

मी उशीर केला आणि दोन्ही बदलावं लागलं. शिवाय पाषाणच्या चढावर गुडघा हँडलवर आपटला तो वेगळाच. दुकानात सायकल देताना चेन मोजायला आवर्जून सांगा, साध्या सर्व्हिसिंगमध्ये ते अनेकदा राहून जातं.