एकही नग न फुटता टेस्ट पास: पण नग किती?

> 'अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागात धोट्याला टोला देणारे पिकर बनवतो. गिऱ्हाइकाला ३ महिन्यांच्या वापरासाठी ९५ टक्के रिलायबिलिटी, ९० टक्के कॉन्फिडन्सने हवी आहे. १० नग चालवले, एकही फुटला नाही. पुरे ना?'

नाही पुरत. रिलायबिलिटी, म्हणजे एक नग ३ महिने टिकण्याची शक्यता, जेमतेम ९५ टक्के असली, तरी दहाच्या दहा टिकण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ६० टक्के. म्हणजे तुमचा कॉन्फिडन्स ४० टक्केच. तो ९० व्हायला ही शक्यता १० टक्क्यांच्या आत यायला हवी. n म्हणजे नग, C म्हणजे कॉन्फिडन्स, R म्हणजे रिलायबिलिटी:

```
n = ln(1-C) / ln(R)
  = ln(0.10) / ln(0.95) = 44.9
```

म्हणजे ४५ नग, प्रत्येक पूर्ण ३ महिने.

इतके माग मिळत नसतील तर नग कमी करून वेळ वाढवता येतो. पिकर झिजून जातो, म्हणून वायबुल बीटा, म्हणजे वापर वाढेल तसा बिघाडाचा धोका किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा, २ धरला आणि दुप्पट, म्हणजे ६ महिने चालवलं, तर ४४.९ ला २ च्या बीटाइतक्या घाताने, इथे २ च्या वर्गाने म्हणजे ४ ने, भागायचं: १२ नग. पण हा बीटा जुन्या बिघाडांच्या नोंदीतूनच घ्या. प्रत्यक्षात तो १.५ निघाला, तर त्याच १२ नगांवर कॉन्फिडन्स ८२ टक्क्यांवर येतो.

आणि 'फेल' म्हणजे काय, ते आधीच लिहून ठेवा. धोट्याचं टोक आपटून पिकरला खड्डा पडतो. तो किती खोल झाला की नग बाद? आमच्याकडे हे ठरलं नव्हतं, शेवटच्या आठवड्यात एका नगावरून वाद झाला. एक जरी गेला तरी ४५ चा हिशेब संपला. 'तो नग सदोष होता' म्हणून बदलू नका. एका बिघाडाची मुभा हवी असेल तर सुरुवातीलाच ७७ नग लावा.